डिझायनर आणि सुतार: टीडीएस १९४-सी की १९४-जे?

ठाण्यातली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ऑफिस नव्याने सजवून घेते आहे. रचना आणि आराखडे इंटिरियर डिझायनरचे, फर्निचरचं काम सुताराचं. दोघेही व्यक्ती म्हणून धंदा करतात आणि दोघांनी पॅन दिला आहे. काम एकाच ऑफिसचं असलं तरी टीडीएसची कलमं दोन आहेत: कंत्राटी कामाला १९४-सी, व्यावसायिक फीला १९४-जे. खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे, १९६१च्या आयकर कायद्याप्रमाणे. १ एप्रिल २०२६पासून नवा कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या बिलांना कलम ३९३ पाहावं लागेल.

| | सुतार (१९४-सी) | डिझायनर (१९४-जे) |
|---|---|---|
| दर | व्यक्ती किंवा एचयूएफ १%, इतर २% | १०% |
| मर्यादा | एक बिल ३०,०००च्या वर किंवा वर्षात १ लाखाच्या वर | वर्षात ५०,०००च्या वर |
| भरणा | पुढच्या महिन्याची ७ तारीख | तेच |

इंटिरियर डेकोरेशन हा व्यवसाय १९४-जेच्या व्याख्येत नावानिशी आहे, त्यामुळे डिझायनरच्या फीबद्दल फारसा वाद नाही. १ ऑक्टोबर २०२४पासून कायद्यात हेही स्पष्ट झालं की १९४-जेमध्ये बसणारी रक्कम कंत्राटात धरायची नाही. त्यामुळे १% कापून मोकळं होण्यासाठी डिझायनरच्या फीला ‘काम’ म्हणवून घेण्याची पळवाट उरलेली नाही. खरी अडचण येते ती टर्नकी कामात, जिथे एकाच करारात डिझाइनही असतं आणि फर्निचरही. ठरलेल्या रकमेत ऑफिस तयार करून द्यायचं असेल आणि डिझाइन त्याचाच भाग असेल, तर मी कंत्राट धरेन. डिझाइनची फी वेगळी दाखवली असेल, तर तेवढ्यावर १०%. बिलावरच्या शीर्षकाऐवजी करार काढून वाचावा.

मर्यादेची गंमत प्रत्यक्ष आकड्यांत कळते. सुताराची जीएसटी सोडून २८,००० रुपयांची चार बिलं आली. पहिली तीन मिळून ८४,०००. एकही बिल ३०,०००च्या वर नाही, म्हणून टीडीएस शून्य. चौथ्याला एकूण १,१२,००० होतात आणि १ लाखाची रेषा ओलांडली जाते. आता टीडीएस फक्त चौथ्या बिलावर नाही, पूर्ण १,१२,०००वर १% म्हणजे १,१२० रुपये, आणि तो चौथ्या बिलातून कापायचा. पहिलंच बिल ३५,०००चं असतं तर वर्षाच्या बेरजेची वाट न पाहता त्यावर ३५० रुपये कापावे लागले असते.

डिझायनरची बिलं होती २५,०००, परत २५,००० आणि शेवटी १०,०००. दुसऱ्या बिलाला बेरीज नेमकी ५०,००० झाली; मर्यादा ‘ओलांडली’ नाही, म्हणून तेव्हा काही कापायचं नाही. तिसऱ्याला ६०,००० झाले, त्यावर १०% म्हणजे ६,००० रुपये. १०,०००च्या बिलातून ६,००० गेले की डिझायनरच्या हातात ४,००० पडतात आणि फोन येतो. फी ५०,०००च्या पुढे जाणार हे करारावरूनच दिसत असेल, तर पहिल्या बिलापासून १०% कापणं दोघांना सोयीचं.

बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस जीएसटीशिवायच्या रकमेवर. पॅन नसेल तर दोन्ही कलमांत २०%.

तारीख चुकते ती ‘पैसे दिले तेव्हा कापू’ या सवयीमुळे. खात्यात जमा-नोंद किंवा पैसे देणं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा टीडीएस लागतो, अ‍ॅडव्हान्सलाही. डिझायनरचं तिसरं बिल ३१ ऑक्टोबरला बुकात नोंदवलं आणि चेक २० नोव्हेंबरला दिला, तर भरण्याची शेवटची तारीख ७ नोव्हेंबर, ७ डिसेंबर नव्हे. कापून ८ नोव्हेंबरला भरलं तर दरमहा १.५% व्याज. आयकर विभागाची ट्रेसेस प्रणाली कॅलेंडरचे महिने मोजते, त्यामुळे एका दिवसाच्या उशिराला ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन महिने लागतात: ६,०००वर १८० रुपये. कापलंच नसेल तर कापायला हवं होतं त्या दिवसापासून कापेपर्यंत दरमहा १%. शिवाय कंपनीचं आयकर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत टीडीएस भरला नाही, तर त्या खर्चाचा ३०% भाग नफ्यातून वजा करता येत नाही.

मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसला ३० एप्रिलपर्यंत मुदत आहे. मार्चचं बिल हाती आलं नाही म्हणून तरतूद-नोंद केली असेल, तरी ती नोंद म्हणजे जमाच. म्हणून वर्षअखेर बुकं बंद करण्याआधी तरतुदींच्या खात्यावर एक नजर टाकून सुतार आणि डिझायनरच्या वर्षभराच्या बेरजा परत करून घ्याव्यात.