पासवर्ड रिसेट करून द्यायच्या आधी ओळख कशी पटवायची: प्रश्न विचारून, कॉलबॅक करून की मॅनेजरला विचारून?

आमचं हेल्पडेस्क म्हणजे तीन पोरं. नागपूरच्या मिहानमधलं ऑफिस, बुटीबोरीचा प्लांट, वाडीचं गोडाऊन आणि चंद्रपूर-अमरावतीकडे फिरणारी सेल्सची माणसं, असे सगळे मिळून चारशेच्या आसपास लोक त्यांनाच फोन करतात. तुमचाही सेटअप साधारण असाच असेल आणि रिसेटच्या आधी ओळख पटवायची कोणती पद्धत ठेवायची हे ठरवायचं असेल, तर मी एकच कॉल तिन्ही पद्धतींमधून नेऊन दाखवतो, फरक लगेच कळतो.

कॉल खरा आहे, आमच्याकडेच आलेला. महिन्याची 20 तारीख, शनिवार, संध्याकाळी पावणेसात. समोरचा माणूस म्हणे, "भाऊ, अकाउंट्समधून बोलून राहिलो, वर्धा रोडवर गाडी घसरली, मोबाईल पूर्ण फुटला, बायकोच्या नंबरवरून बोलतोय. आज थ्री-बीची शेवटची तारीख आहे, रिटर्न नाही गेलं तर साहेब मला सोडणार नाहीत. पासवर्ड रिसेट कर आणि ते जुन्या मोबाईलवरचं ऑथेंटिकेटर काढून टाक, नवीन मोबाईल घेतलाय त्यावर लावतो." भाषा आपलीच, घाई खरी वाटणारी, आणि जीएसटीआर-3बी महिन्याच्या 20 ला भरतात हेही बरोबर.

आता पद्धत पहिली, प्रश्न विचारायचे. एम्प्लॉयी कोड, जन्मतारीख, मॅनेजरचं नाव. याने तिन्ही न अडखळता सांगितलं, म्हणजे प्रश्नांवरच थांबलो असतो तर दोन मिनिटांत अकाउंट्सचं लॉगिन त्याच्या हातात गेलं असतं. सांगता का आलं? कोड आयकार्डवर छापलेला असतो आणि गळ्यात आयकार्ड घातलेले फोटो लोक स्वतःच टाकतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा उघड्या पोस्टवर, मॅनेजर कोण ते लिंक्डइनवर. मग आधारचे शेवटचे चार आकडे विचारू, असं कोणी म्हणेल, पण आधारची झेरॉक्स आपण सिमपासून घरभाड्यापर्यंत कुठे कुठे देऊन ठेवली हे आठवून बघा. अमेरिकेत तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेने तर 2017 च्या 800-63-3 या नियमावलीतच लिहून टाकलंय की अशी प्रश्नोत्तरं डिजिटल ओळखीसाठी चालणार नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, प्रश्न फक्त रेकॉर्ड शोधायला वापरा, ओळख पटवायला नाही.

आणि काही ठिकाणी तेवढंही विचारत नाहीत असा आरोप आहे. क्लोरॉक्स या अमेरिकन कंपनीवर ऑगस्ट 2023 मध्ये सायबर हल्ला झाला, त्यावरून त्यांनी जुलै 2025 मध्ये त्यांचं हेल्पडेस्क सांभाळणाऱ्या कॉग्निझंट या आयटी कंपनीवर सुमारे 38 कोटी डॉलरचा दावा लावला. कॉल करणाऱ्याची ओळख न पटवताच पासवर्ड देऊन टाकला आणि ऑथेंटिकेटरही रिसेट करून दिलं असं त्या दाव्यात म्हटलंय. कॉग्निझंट म्हणते आमचं काम हेल्पडेस्कपुरतंच होतं, कंपनीची सायबर सुरक्षा आमच्याकडे नव्हती.

दुसरी पद्धत, कॉलबॅक. त्या दिवशी आम्हाला यानेच वाचवलं. पोराने सांगितलं, "दादा, फोन ठेवतो, एचआरच्या रेकॉर्डवरच्या नंबरवर कॉल करतो." समोरचा लगेच चिडला, "अरे तो मोबाईल फुटलाय सांगितलं ना!" तरी पोराने कॉल लावला, आणि रिंग गेली, आणि खऱ्या माणसाने सीताबर्डीवरून फोन उचलला, बाजारात होता, मोबाईल धडधाकट. रिटर्न तर त्याने सकाळीच भरलं होतं.

कॉलबॅकमध्ये जीव आहे तो फक्त नंबर कुठून घेतला यात. स्क्रीनवर दिसलेला नंबर खोटा दाखवता येतो, कॉल करणारा सांगेल तो नंबर तर त्याचाच. म्हणून एचआरचंच रेकॉर्ड, आणि तो नंबर गेल्या सात दिवसांत बदलला असेल तर जुन्यावर कॉल, कारण लॉगिन आधीच हातात असलेला माणूस पोर्टलवर स्वतःचा नंबर टाकून मग हेल्पडेस्कला फोन करू शकतो. (सात दिवस हा आमचा आकडा, तुम्ही वेगळा ठेवा, पण ठेवा.) आणखी एक, *401* सारखा कोड मोबाईलवर डायल करायला सांगून कॉल फॉरवर्ड करून घेणारे आपल्याकडे आहेत, तसं झालं असेल तर तुमचा कॉलबॅक थेट चोराकडे जाईल. त्यामुळे अकाउंट्स, एचआर आणि अ‍ॅडमिन लॉगिन असलेल्या लोकांसाठी नुसत्या कॉलबॅकवर मी थांबत नाही.

खरी अडचण येते ती मोबाईल खरंच फुटतो तेव्हा. तेव्हा कॉलबॅक लागतच नाही आणि पोरं पुन्हा प्रश्नांवर येतात, कारण समोर रडकुंडीला आलेला माणूस असतो. तिथे तिसरी पद्धत हवी, मॅनेजर.

मॅनेजरलाही रेकॉर्डवरच्या नंबरवरच कॉल करायचा. पण "तुमच्या माणसाचा रिसेट करू का" असं विचारलं की जेवताना, गाडीवर, कुठेही "हो हो, करून द्या" असं उत्तर येतं, आणि त्या हो ला काहीच अर्थ नाही. आम्ही आता विचारतो, "तुम्ही स्वतः त्याच्याशी बोललात का, त्याला बघितलं का?" नसेल तर आधी व्हिडिओवर बोला आणि कामातलं असं काही विचारा जे त्यालाच माहीत असेल, मग आम्हाला कळवा. याला अर्धा तास जातो, रविवारी दोन तासही गेलेत, आणि लोक चिडतात. आवाजाची नक्कल आता सोपी झाल्यामुळे नुसत्या फोनवरच्या ओळखीच्या आवाजावर मी समाधानी नाही. हेल्पडेस्कने स्वतः व्हिडिओवर आयकार्ड बघायचं हाही पर्याय लोक सुचवतात, पण आमच्या पोरांनी वाडीच्या माणसाला कधी बघितलेलंच नाही, त्यांना चेहरा काय कळणार.

मग निवडायचं काय? मी दोन विनंत्या वेगळ्या करतो. नुसता पासवर्ड विसरला आणि ऑथेंटिकेटर जागेवर आहे, तर हेल्पडेस्कची गरजच नाही, सेल्फ सर्व्हिस रिसेट चालू करा, ते जमत नसेल तर साध्या लॉगिनला कॉलबॅक पुरे, कारण दुसरं कुलूप अजून लागलेलं आहे. पण ऑथेंटिकेटर काढायचं असेल, मग पासवर्डसोबत असो की एकटं, तर मॅनेजरशिवाय नाही, आणि अकाउंट्स, एचआर किंवा अ‍ॅडमिनसारखं मोठं लॉगिन असेल तर मॅनेजर आणि सोबत कॉलबॅक किंवा प्रत्यक्ष हजेरी. तीस-चाळीस लोकांचं एकाच मजल्यावरचं ऑफिस असेल तर हे सगळं सोडा, टेबलापाशी या म्हणा.

मंजुरी मिळाली तरी आम्ही पासवर्ड फोनवर वाचून दाखवत नाही. लॉगिनसाठी मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा वापरतो, त्यात टेम्पररी अ‍ॅक्सेस पास म्हणजे तात्पुरता कोड काढतो, एकदाच चालणारा, एक तासाचा, आणि तो मॅनेजरला देतो, मॅनेजर त्याच्या माणसाला. त्याच वेळी रेकॉर्डवरच्या नंबरवर आणि मेलवर "तुमचं लॉगिन रिसेट झालं, तुम्ही केलं नसेल तर लगेच फोन करा" असा मेसेज जातो.

रात्रपाळीला मॅनेजर उचलतच नाही असं बुटीबोरीला होतं. तिथे माणसाने गेटवर यायचं, शिफ्ट सुपरवायझरने चेहरा आणि आयकार्ड जुळवायचं, गेटच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करायची आणि गेटच्या लँडलाइनवरून सुपरवायझरनेच हेल्पडेस्कला कॉल करायचा, आणि आमचं पोरगं तोही कॉल ठेवून गेटच्या नंबरवर परत लावतं.