कॉर्टिसॉल ६.२: कुशिंग की गोळीचा परिणाम?

समजा, ३१ वर्षांच्या बाईंचं वजन वाढलंय, पोटावर जांभळे पट्टे आहेत. कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉल हे संप्रेरक सतत जास्त राहण्याचा आजार, आहे का हे बघायला त्यांनी रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे शरीराचं कॉर्टिसॉल दाबणारं औषध, घेऊन सकाळी ८ ला रक्त दिलं. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली यायला हवं होतं, आलं ६.२. त्या इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळीही घेतात. म्हणजे अर्थ दोन निघतात.

पहिला, खरा कुशिंग: शरीर कॉर्टिसॉल बनवणं थांबवतच नाही. इथे पट्टे नीट बघावेत. एक सेंटिमीटरहून रुंद, गडद जांभळे, भोवतीची त्वचा पातळ, जरा लागलं की काळंनिळं होणारी. शिवाय हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येत नाही. असं असेल तर माझा कल याच बाजूला. नुसत्या भराभर वाढलेल्या वजनाचे पट्टे बहुधा अरुंद आणि फिकट असतात.

दुसरा, गोळीचा परिणाम: इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं. तपासणी एकूण कॉर्टिसॉल मोजते, त्यामुळे प्रथिनाला चिकटलेलंही मोजलं जातं आणि आकडा फुगतो.

फरक कळतो तो मध्यरात्रीच्या लाळेतून, कारण लाळेत फक्त मोकळं कॉर्टिसॉल उतरतं. दोन वेगवेगळ्या रात्रींचे नमुने घ्यावेत. किंवा डॉक्टरांना विचारून गोळी सहा आठवडे थांबवून हीच तपासणी पुन्हा करावी. त्याच रक्तात डेक्सामेथासोनची पातळीही मोजून घ्यावी: फिट्सची काही औषधं ते इतक्या लवकर संपवतात की कॉर्टिसॉल दबतच नाही. कॉर्टिसॉलवर नियंत्रण ठेवणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय मात्र त्यानंतरच. तिथे निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांत सापडतात.