सेन्सरवरची धूळ: लाइटरूमचं सिंक की कॅननचा डस्ट डिलीट डेटा?

सिंहगडावर पहाटे f/16 ला काढलेले फोटो घरी उघडले, तर प्रत्येकाच्या आभाळात उजवीकडे वर तोच करडा ठिपका. जागा हलत नाही म्हणजे धूळ सेन्सरवर आहे. लेन्सवरची असती तर अशी ठळक दिसली नसती.

लाइटरूम क्लासिकमध्ये मी एका फोटोवर `Q` दाबून हील टूल घेतो आणि `A` दाबून Visualize Spots चालू करतो. काळ्या चित्रात ठिपके पांढऱ्या कड्यांसारखे उठून दिसतात. ते पुसायचे आणि बाकीचे फोटो निवडून Sync मध्ये फक्त हीलिंगवर टिक करायची. ठिपका झाकायला फोटोतलाच नमुना कुठून घ्यायचा ते मात्र लाइटरूमला ठरवू द्यावं. तो हाताने सरकवला, की पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागेवरून उचलला जातो, आणि आभाळात तटबंदीचा दगड उगवतो!

कॅननच्या डस्ट डिलीट डेटा पद्धतीत आधी २०-३० सेंमीवरून कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्यायचा. कॅमेरा धुळीच्या जागा नोंदवून त्यानंतरच्या फोटोंना जोडतो आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे सॉफ्टवेअर त्या पुसतं. शोधाशोध वाचते, पण आधी काढलेल्या फोटोंना याचा उपयोग नाही. शिवाय मध्येच धूळ सरकली, तर नोंद पुन्हा करावी लागते.

मी सिंकच वापरतो. फक्त f/2.8 चे पोर्ट्रेट त्यातून वगळतो. इतक्या मोठ्या अॅपर्चरला धूळ जवळजवळ दिसतच नाही, उलट ठिपक्याच्या जागी कुणाचा डोळा आला तर तोच पुसला जातो.