कंबरेला काय मानवतं: खाली चटई की वर गादी?

कंबर धरली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: "गादी सोड, खाली झोप." जळगाव-धुळ्याकडे हे सांगणारं कोणीतरी घरातच असतं. चटई आणायला लांब जावं लागत नाही, जळगावच्या एमआयडीसीतच चटया बनतात. त्यामुळे एका रात्रीत गादी गुंडाळली जाते आणि माणूस फरशीवर येतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. या सल्ल्याने खरंच आराम पडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याच सल्ल्याने दुखणं कंबरेतून खुब्यात गेलेलीही पाहिली आहेत. दोघांत फरक कशाने पडतो हे समजलं, तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी हे बघा, की तुम्ही कशावरून खाली येणार आहात. ज्यांना चटईने लगेच बरं वाटतं, त्यांच्यातले बरेच जण सैल पडलेल्या बाजेवर किंवा मध्ये खड्डा पडलेल्या जुन्या गादीवर झोपत असतात. अशा जागी कंबरेखालचा सगळ्यात जड भाग खाली जातो, खांदे आणि पाय वर राहतात आणि रात्रभर मणका वाकलेला राहतो. फरशीवर तो वाक निघतो, म्हणून सकाळी हलकं वाटतं. इथे गुण फरशीचा कमी आणि खड्डा सुटल्याचा जास्त असतो. बाजेची नवार ताणून घट्ट केली किंवा गादी पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरून घेतली, तरी तोच आराम मिळू शकतो. पण चांगल्या, सपाट गादीवरून थेट फरशीवर येणाऱ्याचं गणित वेगळं आहे.

"जितकं कडक तितकं बरं" हा समज एके काळी डॉक्टरांमध्येही होता. तो तपासला गेला. 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनं कंबरदुखणं असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी 90 दिवस दिली होती. आराम दोन्ही गटांना पडला, पण मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त. 2008 साली डेन्मार्कमध्ये पाण्याची गादी, अंगाला बसणारा फोम आणि कडक फुटॉन (आपल्या दाबून भरलेल्या कापसाच्या गादीसारखी) यांची महिनाभर तुलना झाली. पहिल्या दोन गाद्या थोड्या सरस ठरल्या. फरक मोठा नव्हता, पण कडक गादी अर्ध्यावर सोडून देणारे बरेच निघाले. या दोन्ही अभ्यासांत नुसत्या फरशीवर कोणाला झोपवलं नव्हतं. फरशी तर त्यांच्या सगळ्यात कडक गादीपेक्षाही कडक.

आता शरीराचं बघू. उताणं झोपलं की कंबरेपाशी पाठीला आत बाक असतो, तिथे जमीन टेकत नाही. अंगाने सडपातळ, उताणं झोपायची सवय असलेल्या माणसाची ही पोकळी लहान असते. चटईवर दोन गोधड्या अंथरल्या आणि गुडघ्यांखाली एक गोधडी गुंडाळून ठेवली की कंबर सैल सुटते. अशा माणसाला खाली झोपणं बहुतेक वेळा मानवतं.

कुशीवर झोपणाऱ्याचं तसं नाही. कुशीवर अंगाचं वजन मुख्यतः दोन ठिकाणी येतं, खांदा आणि खुबा. मऊ जागी हे दोन्ही थोडे आत रुततात आणि मधली कंबर भरून निघते. फरशीवर काहीच रुतत नाही. मग कंबर अधांतरी राहते, मणका बाजूने झुकतो आणि खुब्याच्या बाहेरच्या हाडावर सगळा भार येतो. रुंद खुब्यांच्या बायकांना हा त्रास जास्त होतो.

पारोळ्याकडच्या एक काकू आल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, कापूस वेचणीला जाणाऱ्या, आयुष्यभर उजव्या कुशीवर झोपलेल्या. सैल बाजेवर कंबर दुखायची म्हणून त्या नुसत्या चटईवर आणि एका सतरंजीवर आल्या. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. मग म्हणू लागल्या, "आते कंबर बरी शे, पन हाऊ खुबा रातभर झोपू देत नही." बोटाने दाखवलेली जागा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावर, बरोबर बाहेरच्या बाजूला. तिथे दाबलं की दुखायचं आणि उजवा हातही पहाटे बधिर व्हायचा. ही दोन्ही लक्षणं झोपायची जागा फार कडक असल्याची.

त्यांना पुन्हा बाजेवर पाठवलं नाही. चटईवर दोन जाड गोधड्या चौपदरी करून घातल्या. उशी उंच केली, कारण फरशीवर खांदा रुतत नाही, त्यामुळे कान आणि खांदा यांतलं अंतर मोठं राहतं आणि गादीवरची पातळ उशी तिथे मान खाली पाडते. एक उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दिली, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळत नाही. खुब्याचं दुखणं हळूहळू बसलं. उरला तो उठण्याचा त्रास. गुडघे झिजलेले, रात्री लघवीला दोनदा उठायचं, आणि प्रत्येक वेळी फरशीवरून उठताना कंबरेला झटका. शेवटी तेच अंथरूण घरातल्या फळीच्या पलंगावर गेलं. खालचा आधार सपाट, वर तीनेक इंचांचा दबणारा थर आणि उंची गुडघ्याएवढी. त्यांना हेच मानवलं.

तुमची जागा कशी आहे ते घरीच तपासता येतं. उताणं पडा आणि कंबरेखालून तळहात सरकवा. हात सैल आरपार गेला तर जागा तुमच्यासाठी कडक आहे. शिरतच नसेल आणि बूड खाली गेलं असेल तर फार मऊ. हात थोडा घासून जात असेल तर ठीक. मग कुशीवर पडा आणि घरच्या कोणाला मागून पाहू द्या. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला समांतर दिसायला हवी. कंबर खाली झुकलेली दिसली तर फरशीवर थर वाढवा. खुबा खाली गेलेला दिसला तर गादी बदला. एकदा ठरलं की दोन-तीन आठवडे तसंच झोपून पाहा. पहिल्या दोन-चार रात्री अंग दुखतंच, त्यावरून निकाल लावू नका.

सकाळच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. रात्री झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा थोडी जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकल्याचा ताण जास्त येतो. खाली झोपणारा माणूस उठल्याउठल्या नेमका वाकतो: गोधड्या घड्या करायच्या, वळकटी बांधायची, मग अंगण झाडायचं. ज्याची कंबर सकाळीच धरते, त्याने अंथरूण तसंच राहू द्यावं, चहा-पाणी होऊन थोडं चालणं झालं की मग आवरावं. उठतानाही सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर व्हावं, हाताने जमीन रेटून चार पायांवर यावं, मग एक पाऊल पुढे ठेवून पाट किंवा खुर्चीचा आधार घेऊन उभं राहावं. हे जमत नसेल, तर खाली झोपण्याचा विचार सोडलेला बरा.

काही जणांनी तर फरशीवर झोपूच नये. हाडं ठिसूळ झालेले म्हातारे, गुडघे किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले, शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बायका. आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले, कारण टाच किंवा खुबा दाबला गेला तरी त्यांना कळत नाही आणि कातडीला जखम होते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा बराच उतरतो. तेव्हा फरशीचा गारवा चटईतून वर येतो आणि पहाटे अंग आखडतं. उन्हाळ्यात उलट. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात जाड फोमवर घामाने झोप लागत नाही, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं. म्हणून एकच माणूस उन्हाळ्यात खाली आणि हिवाळ्यात पलंगावर झोपत असेल, तर त्यात चूक काही नाही. खाली घातलेली गादी मात्र पावसाळ्यात रोज उभी करावी, नाहीतर तळाला बुरशी धरते.

शेतावर, खळ्यावर किंवा गावातल्या जुन्या घरात झोपत असाल तर मण्यारीचा विचार आधी करा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं दिसली तर डाग सापडो न सापडो, लगेच दवाखाना गाठायचा. अशा जागी खाट किंवा पलंगच बरा. खालीच झोपायचं असेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचून.

काही दुखणी चटईने किंवा गादीने बरी होणारी नसतात, आणि त्यांच्यावर अंथरूण बदलण्यात वेळ जातो. वय चाळिशीच्या आत, पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो आणि चालल्यावर कमी होतो, असं तीन महिने चाललं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. हा मणक्याचा वात असू शकतो. पाय लुळा पडणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यांत एक दिवसही थांबू नये. ताप किंवा वजन घटण्यासोबत कंबर दुखत असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या, तो मणक्यातही होतो. आणि दुखणं सकाळी नसून संध्याकाळी वाढत असेल, तर आधी दिवसभराच्या वाकण्याकडे आणि ओझ्याकडे पाहा: केळीचे घड, कापसाची वेचणी, तासन्‌तास मोटारसायकल. तिथे रात्रीचं अंथरूण बदलून फारसा फरक पडत नाही.