प्रवचनाच्या पाच क्लिप करून देतो म्हणणाऱ्यांचा आम्हाला आलेला अनुभव

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या मंडळाने तुकाराम महाराजांच्या ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ या अभंगावर प्रवचन आयोजित केले होते. सुमारे ऐंशी मिनिटांचे हे निरूपण तरुणांपर्यंत पोहोचावे म्हणून त्यातून पाच छोट्या क्लिप करायचे ठरले. त्यांपैकी प्रत्येक क्लिप मूळ प्रवचन न ऐकलेल्या माणसालाही पूर्ण कळावी, एवढीच आमची अट होती. हे काम घेणाऱ्या संकलकाने संपूर्ण प्रवचन ऐकून मुद्दे निवडण्याचे कबूल केले, पंधरा हजार रुपये ठरवले आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतली. इतर मंडळांची अशी फसवणूक होऊ नये म्हणून पुढचे सविस्तर लिहीत आहे.

हाती आलेल्या पाचही क्लिप बरोबर साठ सेकंदांच्या होत्या. यूट्यूबवर छोट्या व्हिडिओला तेवढीच मर्यादा असते, असे कारण त्याने दिले. ते खोटे होते, कारण १५ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे उभ्या चौकटीतील शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत चालतात. शिवाय प्रत्येक क्लिपमधील पहिले वाक्य आम्ही मूळ ध्वनिमुद्रणात शोधले, तेव्हा पाचही तुकडे पहिल्या पंचवीस मिनिटांतले निघाले. बुवांनी अभंगाचा शेवट उलगडला तो भाग त्याने ऐकलाच नव्हता. पडद्यावरच्या अक्षरांत ‘मेणाहूनि’चे ‘मनाहूनि’ झाले होते; अभंग एकदा वाचला असता तरी ही चूक राहिली नसती.

खरा घात तिसऱ्या क्लिपने केला. त्या अभंगात मऊ आणि कठीण या दोन बाजू सतत जोडीने येतात. चांगल्याला कासेची लंगोटीही सोडून देऊ आणि नाठाळाच्या माथी काठी हाणू, असे महाराज एकाच ओळीत म्हणतात. बुवांनी आधी श्रोत्यांच्या मनातील शंका मांडली, की संताच्या तोंडी काठीची भाषा कशी शोभते? त्यानंतर दीड मिनिट उत्तर दिले, की देण्याची तयारी पहिली आहे, काठी नंतरची आहे, आणि शेवटी ‘तुका म्हणे आम्ही अवघेचि गोड’ असाच समारोप होतो. क्लिप सुरू होत होती ‘आणि म्हणूनच ते म्हणतात’ या शब्दांनी आणि काठीवर थांबत होती. त्यावर ढोलाचा दणका जोडला होता. ‘म्हणूनच’ म्हणजे कशामुळे आणि ‘ते’ म्हणजे कोण, हे प्रेक्षकाला कळण्याची सोयच नव्हती, आणि उत्तर तर पूर्णच गळाले होते. आम्ही पसंती कळवण्याआधीच त्याने ही क्लिप भडक मथळा देऊन स्वतःच्या चॅनेलवर टाकली. बुवांना लोकांचे जे बोल ऐकावे लागले, त्याचे दुःख आम्हाला पैशांपेक्षा जास्त आहे.

क्लिप काढून टाकण्यास सांगितले, तेव्हा उरलेली रक्कम दिल्याशिवाय मूळ चित्रीकरणही परत मिळणार नाही, असे उत्तर आले. सुदैवाने मंडपातील ध्वनिव्यवस्थेवाल्यांकडे आवाजाचे स्वतंत्र मुद्रण होते आणि एका सभासदाने प्रवचन मोबाइलवर पूर्ण चित्रित केले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. आगाऊ दिलेले पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

तीच तिसरी क्लिप नंतर मंडळातील दोघांनी नव्याने केली. त्यांनी आधी संपूर्ण प्रवचन लिहून काढले आणि शंका जेथे उठते व जेथे फिटते, त्या दोन्ही जागांवर वेळ टिपून ठेवली. क्लिप शंकेपासून सुरू केली, म्हणजे ‘म्हणूनच’ची अडचण उरली नाही, आणि ‘ते’ कोण हे कळावे म्हणून सुरुवातीला पडद्यावर अभंगाची ओळ व महाराजांचे नाव दिले. मधले एक लांबलेले उदाहरण गाळले, पण गाळलेल्या जागी दृश्य क्षणभर काळे ठेवले, कारण दोन दूरची वाक्ये सलग बोलल्यासारखी चिकटवली की वक्त्याच्या तोंडी त्याने न म्हटलेले येऊ शकते. क्लिप एक मिनिट पन्नास सेकंदांची झाली. ती प्रवचनाला न आलेल्या एका काकूंना दाखवून ‘बुवांनी काय सांगितले?’ एवढेच विचारले. त्यांनी काठीबरोबर लंगोटीचाही उल्लेख केला, तेव्हाच ती बुवांकडे मंजुरीसाठी पाठवली.

काम बाहेर देणारच असाल, तर प्रत्येक क्लिपचा मूळ प्रवचनातील आरंभ व शेवट मिनिट-सेकंदांत लिहून मागा. ज्याने ऐकलेले नाही त्याला तो सांगता येत नाही. वक्त्याच्या लेखी होकाराआधी क्लिप कोठेही टाकायची नाही, हे करारात स्पष्ट लिहून घ्या, आणि मूळ चित्रीकरणाची प्रत आगाऊ रक्कम देण्याआधीच स्वतःकडे ठेवून घ्या.