शाळेचे बूट: अंगठ्यानं दाबून बघायचं की पुठ्ठ्याची पट्टी न्यायची?

नवी पेठेत बूट घेताना आपण सगळेच पुढचं टोक अंगठ्यानं दाबून बघतो. पण दाबलं की पोरं बोटं आत आखडतात आणि नसलेली जागा असल्यासारखी वाटते. त्यात शाळेच्या बुटाचं टोक कडक.

मला पट्टीच पटते. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा लेकीला मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं केलं. डावा पाय १९.४ सेंमी, उजवा १९.८. मोठा पाय धरला, वाढीसाठी १ सेंमी मिळवला आणि २०.८ सेंमीची पट्टी कापली. दुकानात पहिल्या बुटात ती वाकली. पुढच्या नंबरात सपाट बसली, तोच घेतला. ‘दोन वर्षं जातील’ म्हणून आणखी मोठा घेतला असता, तर चालताना टाच निसटत राहिली असती.