म्हशीचं म्हणून २० लिटर दूध घेतलं, खव्याला बसला फटका

दूधवाल्याचं नाव लिहित नाही, सक्करदऱ्याकडच्यांना मी कोणाबद्दल बोलते ते कळेलच. ८५ रुपये लिटर, २० लिटर, १,७०० रुपये रोख. "ताई, निव्वळ म्हशीचं, खव्यालाच काढून ठेवलं." मी काही नवशिकी नाही. त्याच्यासमोर लॅक्टोमीटर टाकला तर आकडा बरोबर २८! इथेच फसले. मलई काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं. दोन्ही केलं की काटा जागेवर. ही लबाडी मला ऐकून माहीत होती, तरी त्या आकड्यावर भुलले.

चार-चार लिटरचे पाच घाणे करायचे होते. पहिला कढईत टाकला, मोठ्या आचेवर तळ खरवडत पलटा फिरवत राहिले. ५० मिनिटं लागली, नेहमीपेक्षा पाचेक मिनिटं जास्त. वेळेवरून संशय आलाच नाही, कारण पाणी तर दोन्ही दुधांत भरपूर आटवावं लागतं, फरक थोडाच पडतो.

पण शेवटी! चांगल्या दुधाचा गोळा कडा सोडायला लागला, आच कमी केली की काठावर तूप चमकतं, खवा पलट्यावरून अलगद सुटतो. इथे तूप नाहीच. कोरडा, रवाळ, कढईला धरून बसलेला गोळा. हे म्हणाले, "आच जास्त झाली असेल." मलाही वाटलं, ढवळण्यात माझंच चुकलं. आणि दुसरा घाणा ओतला! तेव्हाच पहिला गोळा तोलला असता तर ६४० ग्रॅम दिसला असता. चार लिटर चांगल्या म्हशीच्या दुधाला ८०० ग्रॅमच्या वर खवा यायलाच पाहिजे. तोलला कधी? पाचही झाल्यावर, रात्री दहाला. सगळा मिळून ३ किलो १५० ग्रॅम.

पेढे वळताना कडांना चिरा. गिऱ्हाईकाला ते कसे देऊ? ४ किलो खवा ४२० नं विकत आणला, १,६८० गेले. दुधासकट ३,३८०, गॅस वेगळा.

अन्न-औषध प्रशासनात तक्रार करायला गेले तर साहेब म्हणतात, नमुना आम्हीच सील करून घ्यायला पाहिजे, दूध कुठे आहे? अहो, आटवलं ना! मग खवा तपासा म्हटलं. खव्यात कोरड्या भागाच्या निदान ३० टक्के दुधाचं फॅट पाहिजे, हा नियम तुमचाच. तर म्हणे खवा तुम्ही बनवला, म्हणजे केस तुमच्यावर होईल! पावती आहे का, दुसऱ्या टेबलावर जा, तिथले साहेब सुटीवर. ठाण्यात तर हसले. दोन दिवस, ऑटोचे २६० रुपये.

नुसत्या लॅक्टोमीटरवर जाऊ नका, संकलन केंद्रावर फॅट काढून घ्या, सहाच्या वर असेल तरच खव्याला घ्या. तेही जमत नसेल तर आधी एकच लिटर आटवा आणि तोला, २०० ग्रॅम आला नाही तर बाकीचं परत. पैसे त्यानंतर.

त्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, तुम्ही ढवळलं नसेल नीट."